सुई एकच का पुरत नाही? बोन मॅरो टेस्टची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय बसमध्ये स्पीकरवर ऐकण्यासारखा नाहीये, शेजारचा माणूस उठून जाईल. आज आपण हाडाच्या आत जाणार आहोत. मज्जा! पण ही ती मज्जा नव्हे. ही अस्थिमज्जा, म्हणजे बोन मॅरो.

सीबीसीचा भाग झाल्यापासून एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "काकांची बोन मॅरो टेस्ट सांगितलीय, त्यात ॲस्पिरेशन आणि बायोप्सी असं दोन्ही लिहिलंय. दोन्हीचे पैसे वेगळे. एक केली तर चालणार नाही का?" प्रश्न रास्त आहे. मी पॅथॉलॉजीत आहे, मायक्रोस्कोपच्या या टोकाला बसते, म्हणून उत्तर माझ्या बाजूनं देते. आणि ते द्यायला मला माझीच एक चूक सांगावी लागणार आहे. रेसिडेंट असताना केलेली.

आधी ही टेस्ट होते कशी ते बघू. पेशंटला कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी घेऊन. कमरेच्या मागे, पाठीच्या खाली दोन्ही बाजूंना जिथे खळी पडते, तिथे हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. तिथून सुई जाते. आधी लिग्नोकेनचं इंजेक्शन देऊन कातडी आणि हाडावरचा पापुद्रा बधिर करतात. मग ॲस्पिरेशनची सुई हाडाचं कडक कवच पार करून आतल्या जाळीदार भागात शिरते, सिरिंज लावतात आणि झटक्यात ओढतात.

तो क्षण दुखतो. खोटं कशाला बोलू? कातडी बधिर होते, हाडावरचा पापुद्रा होतो, पण हाडाच्या पोकळीत भूल पोचत नाही. ओढताना पायात कळ गेल्यासारखं होतं, काही सेकंद, आणि थांबतं. पेशंटला हे आधी सांगितलं की तो तयार असतो. न सांगता ओढलं की तो दचकतो आणि सुई हलते.

ओढायचं किती? स्लाइडसाठी पाव ते अर्धा मिली, बस्स. इथे हावरटपणा नडतो. जास्त ओढलं की मज्जेऐवजी आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्यांमधलं साधं रक्त येतं आणि नमुना पातळ होतो. रक्त तर हाताच्या शिरेतूनही मिळालं असतं! म्हणून पहिला थेंब स्लाइडसाठी, आणि क्रोमोसोम वगैरे तपासण्यांसाठी लागेल ते नंतर ओढायचं. काचेवर हा थेंब तिरका धरला की रक्त ओघळतं आणि रव्यासारखे बारीक पांढुरके कण मागे उरतात. हे कण म्हणजे खरी मज्जा. कण नाहीत, तर नमुन्यावर फार विसंबता येत नाही.

आता बायोप्सी. पूर्ण नाव ट्रेफाइन बायोप्सी. यात ओढायचं काही नाही, कापायचं आहे. जमशिदी नावाची जाड पोकळ सुई असते. खोस्रो जमशिदी या डॉक्टरांनी १९७१ साली तिचं वर्णन प्रसिद्ध केलं, म्हणून ते नाव. टोकाकडे ती किंचित निमुळती असते. ती डावी-उजवी फिरवत फिरवत हाडात घालतात आणि आत हाडाचा एक बारीक दांडा कापून बाहेर येतो, बॉलपेनच्या रिफिलच्या तुकड्याएवढा. जखम एकच, पण सुईचं टोक जरा बाजूला सरकवून. ॲस्पिरेशन जिथे झालं नेमकी तिथलीच मज्जा घेतली, तर आपण मघाशी ओढून रिकामी केलेली, रक्त साकळलेली जागाच मिळते.

फरक असा समजा. एक चाळ आहे. ॲस्पिरेशन म्हणजे चाळीतल्या लोकांना हाक मारून अंगणात बोलावणं. जे आले त्यांचे चेहरे अगदी जवळून, स्पष्ट दिसतात. कोण कोण आहे, कुणाची तब्येत कशी आहे, सगळं कळतं. पण कोण कुठल्या खोलीतून आलं, आणि मागे किती खोल्या कुलूपबंद आहेत, ते कळत नाही. ट्रेफाइन म्हणजे चाळीचाच एक उभा काप काढणं. भिंती, जिने, भरलेल्या खोल्या, रिकाम्या खोल्या, सगळं जागच्या जागी. चेहरे मात्र धूसर. कारण हाड मऊ करायला त्यातलं कॅल्शियम काढावं लागतं, मग मेणात बसवून पातळ काप काढावे लागतात, आणि या सगळ्यात पेशींचे बारीक तपशील पुसट होतात. वेळही लागतो. ॲस्पिरेशनची स्लाइड त्याच दुपारी वाचता येते, ट्रेफाइनला काही दिवस जातात.

या "काही दिवसां"मध्येच माझी गोष्ट आहे.

सरकारी मेडिकल कॉलेज, माझं दुसरं वर्ष. तेवीस वर्षांचा एक मुलगा आला. धाप लागते, हिरड्यांतून रक्त येतं, पायावर लाल ठिपके. हिमोग्लोबिन ५.९. पांढऱ्या पेशी १,६००, त्यात न्यूट्रोफिल फक्त ३२०. प्लेटलेट ११,०००. तिन्ही ओळी खाली, म्हणजे पॅन्सायटोपेनिया. लालपेशींचा आकार मोठा, एमसीव्ही १०४. घरात सगळे शाकाहारी. गावाकडच्या डॉक्टरांनी बी-१२ कमी असणार असं धरून पाच दिवस रोज बी-१२ची इंजेक्शनं दिली होती आणि मग आमच्याकडे पाठवलं होतं.

आपल्याकडे हा अंदाज वेडा नाही हं. बी-१२च्या कमतरतेनं तिन्ही पेशी खाली जाणं आपण नेहमी बघतो, आणि इंजेक्शनांनी ती माणसं बरी होतात. पण हुबेहूब असंच सीबीसी देणारा दुसरा एक आजार आहे: ॲप्लास्टिक ॲनिमिया. त्यात मज्जाच ओस पडते. कारखान्यात कामगारच नाहीत. तिथे बी-१२ देऊन काही होत नाही, आणि प्रत्येक वाया गेलेल्या आठवड्यात इन्फेक्शन किंवा रक्तस्राव माणसाला गाठू शकतो.

मुलाबरोबर त्याची मोठी बहीण होती. संमतीच्या कागदावर सही करताना तिनं विचारलं, "मॅडम, एकाच सुईत दोन्ही होत नाही का? त्याला किती टोचणार?" मी तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलले. खरं सांगायचं तर ११,००० प्लेटलेट बघून मलाही वाटत होतं की जाड सुई नको. सर म्हणाले, प्लेटलेट देऊ, नंतर दाबून धरू, पण दोन्ही होणार. कमी प्लेटलेट हे या ठिकाणी बायोप्सी टाळायचं कारण नाही, हाडावर बाहेरून नीट दाब देता येतो. रक्त गोठण्याचीच मोठी गडबड असेल तर गोष्ट वेगळी.

ॲस्पिरेशनच्या चार स्लाइड माझ्याकडे आल्या. तीन दिसायला भिकार. कण आहेत, पण तेलकट, जाळीसारखे, पेशी तुरळक. चौथी मात्र छान! भरपूर पेशी. मी काय केलं असेल? मोजायला सोपी म्हणून चौथीच घेतली आणि ३०० पेशी मोजल्या.

इथे एम-ई रेशो समजून घेऊ. एम म्हणजे मायलॉइड, ज्यातून न्यूट्रोफिलसारख्या पांढऱ्या पेशी तयार होतात ती फळी. ई म्हणजे एरिथ्रॉइड, लालपेशींची कच्ची पोरं. लिम्फोसाइट, प्लाझ्मा पेशी या हिशोबात धरत नाहीत. निरोगी मज्जेत साधारण दोन ते चार मायलॉइडमागे एक एरिथ्रॉइड असते. लालपेशी जास्त लागतात मग त्यांची पोरं कमी कशी, असा प्रश्न पडला? लालपेशी रक्तात सुमारे १२० दिवस जगते, न्यूट्रोफिल दिवसभर टिकला तरी खूप. ज्याचं आयुष्य छोटं, त्याचा कारखाना मोठा.

माझी मोजणी आली: मायलॉइड ८४, एरिथ्रॉइड ११२, बाकीच्या १०४. रेशो ८४ भागिले ११२, म्हणजे ०.७५ ला १. उलटा! लालपेशींची फळी वरचढ. शिवाय त्या पेशींची केंद्रकं जरा मोठी, अपरिपक्व वाटत होती, म्हणजे मेगालोब्लास्टसारखी. माझ्या डोक्यात टिकटिक पूर्ण झाली. शाकाहारी, एमसीव्ही मोठा, रेशो उलटा, पेशी मेगालोब्लास्टसारख्या. रिपोर्टचा कच्चा मसुदा लिहिला: बी-१२च्या कमतरतेशी सुसंगत.

सरांनी मसुदा वाचला. ओरडले नाहीत. विचारलं, "इंजेक्शनं कधी सुरू झाली?"

"पाच दिवसांपूर्वी, सर."

"मग हे मेगालोब्लास्ट अजून इथे काय करतायत?"

मी गप्प. कारण मला पाठ होतं. बी-१२ मिळालं की मज्जेतले खरे मेगालोब्लास्ट एक-दोन दिवसांत नॉर्मल दिसायला लागतात. म्हणूनच बोन मॅरो करायचा असेल तर आधी इंजेक्शन देऊ नका असं सांगतात, पुरावा पुसला जातो. पाच दिवसांनी ते असे दिसायला नको होते. दुसरं, बी-१२च्या आजारात पांढऱ्या फळीत काही राक्षसी आकाराच्या पेशी दिसतात, जायंट मेटामायलोसाइट, आणि त्या इंजेक्शननंतरही दहा-बारा दिवस रेंगाळतात. माझ्या स्लाइडवर एकही नव्हती. तिसरं, पाचव्या दिवसापर्यंत रक्तात नव्या लालपेशींची, रेटिक्युलोसाइटची, लाट यायला हवी होती. त्याचा रेटिक होता ०.३ टक्के. आणि एलडीएच, बिलीरुबिन दोन्ही नॉर्मल. बी-१२ नसताना लालपेशींची पोरं मज्जेतच मोठ्या संख्येनं मरतात, त्यामुळे हे आकडे वाढतात, एलडीएच तर कधी कधी प्रचंड. इथे तसं काहीच नव्हतं.

सर म्हणाले, "रेशो बरोबर मोजलायस. पण रेशो कशाचा आहे ते सांग." मसुदा ड्रॉवरमध्ये गेला. "ट्रेफाइन येऊ दे."

सहाव्या दिवशी ट्रेफाइनची स्लाइड आली. दांड्याची लांबी अठरा मिलिमीटर. लांबी आधी का बघायची? हाडाच्या कवचाला लागून असलेला पहिला थर मुळातच विरळ वस्तीचा असतो, निरोगी माणसातही. पाच-सहा मिलिमीटरचा तुकडा आला तर तो सगळा त्याच थरातला असू शकतो आणि चांगली मज्जा रिकामी वाटते. म्हणून निदान दीड सेंटिमीटर तरी हवा, दोन मिळाला तर उत्तम.

कमी पॉवरवर बघितलं. गुलाबी हाडाच्या पट्ट्या, आणि मध्ये पांढरे गोल, पांढरे गोल, पांढरे गोल. हे चरबीचे फुगे. काप तयार करताना चरबी विरघळून जाते म्हणून पांढरी पोकळी दिसते. जांभळ्या ठिपक्यांची गर्दी, म्हणजे रक्त बनवणाऱ्या पेशी, जवळपास कुठेच नाही. फक्त एका कोपऱ्यात एक छोटं बेट. सगळं लालपेशींच्या पोरांचं.

यालाच म्हणतात सेल्युलॅरिटी. हाडाच्या पट्ट्या सोडून जी जागा उरते, त्यातली किती टक्के जागा पेशींनी भरलीय आणि किती चरबीनं. ती वयानुसार बदलते. जन्मतः मज्जा जवळजवळ पूर्ण भरलेली असते, मग हळूहळू चरबी शिरते. ढोबळ हिशोब: शंभरातून वय वजा करा, दहा इकडे-तिकडे. सत्तरीनंतर हा हिशोब तितका चालत नाही. म्हणजे सत्तरीच्या आजोबांच्या रिपोर्टवर ३० टक्के दिसलं तर घाबरायचं कारण नाही, पण तेवीस वर्षांच्या पोराला साधारण पंचाहत्तर टक्के हवी. आमच्या मुलाची होती अंदाजे बारा टक्के. अंदाजे म्हणते, कारण हा आकडा नजरेनं ठरवतात. दोन पॅथॉलॉजिस्ट पाच-दहा टक्क्यांनी वेगळं सांगू शकतात. पण बारा आणि पंचाहत्तर यात कुणाचा गोंधळ होत नाही.

आता सरांच्या प्रश्नाचं उत्तर. मज्जेत शंभर खोल्या आहेत असं धरू. निरोगी तेवीस वर्षांच्या मुलात ७५ भरलेल्या. त्यातल्या लिम्फोसाइट वगैरे किरकोळ भाडेकरूंच्या दहा-अकरा सोडल्या तर उरल्या ६४. रेशो तीनास एक, म्हणजे मायलॉइड ४८, एरिथ्रॉइड १६.

बी-१२च्या कमतरतेचा पेशंट घ्या. त्याची मज्जा ठासून भरलेली, ९० खोल्या. किरकोळ वगळून ८०. रेशो ०.७५ ला १, म्हणजे मायलॉइड ३४, एरिथ्रॉइड ४६. लालपेशींची फळी निरोगी माणसाच्या जवळजवळ तिप्पट! नुसता गजबजाट, पण माल बाहेर पडत नाही, पेशी आतच मरतायत.

आणि आमचा मुलगा. १२ खोल्या भरलेल्या. त्यातल्या चार लिम्फोसाइट आणि मंडळींच्या. उरल्या ८. रेशो तोच, ०.७५ ला १. मायलॉइड ३.४, एरिथ्रॉइड ४.६. लालपेशींची फळी निरोगी माणसाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी.

रेशो तोच, आणि मज्जा एकमेकींच्या अगदी उलट! एकात रेशो उलटा झाला कारण ई वाढला. दुसऱ्यात उलटा झाला कारण एम त्याहून जास्त कोसळला. रेशो तुम्हाला फक्त वाटणी सांगतो, वाटायला किती होतं ते नाही. ते सेल्युलॅरिटी सांगते. म्हणून रिपोर्टवर एम-ई रेशो वाचलात की लगेच त्याच्या शेजारची सेल्युलॅरिटी शोधा, आणि ती ट्रेफाइनवरून दिलीय की नुसत्या कणांवरून, तेही बघा.

मग चौथी स्लाइड इतकी छान कशी निघाली? ॲप्लास्टिक ॲनिमियात मज्जा सगळीकडे सारखी ओस पडत नाही. मध्ये मध्ये वस्तीची बेटं उरतात, आणि त्यांत बहुतेकदा लालपेशींची पोरं असतात, दिसायला थोडी बिघडलेली, अगदी मेगालोब्लास्टचा भास होईल अशी. माझ्या ॲस्पिरेशनच्या सुईनं तसंच एखादं बेट गाठलं होतं. अंगणात एकाच खोलीतलं गोकुळ आलं आणि मी म्हटलं, अख्खी चाळ भरलेली आहे. बाकीच्या तीन स्लाइड खरं सांगत होत्या. मोजणी किमान दोन स्लाइडवर करायची असते, ते याचसाठी.

उलट बाजूही सांगते, नाहीतर वाटेल ट्रेफाइनच राजा. ब्लड कॅन्सरमध्ये कच्च्या पेशींचे, ब्लास्टचे, टक्के मोजायचे असतील, त्यांचे चेहरे ओळखायचे असतील, क्रोमोसोम बघायचे असतील, फ्लो सायटोमेट्री करायची असेल, तर काम ॲस्पिरेशनचं. आणि कधी कधी ॲस्पिरेशनला काहीच येत नाही. सुई बरोबर जागी, ओढतोय, सिरिंज कोरडी. याला ड्राय टॅप म्हणतात. नवखा डॉक्टर समजतो आपला हात चुकला. बऱ्याचदा हात चुकलेला नसतो. मज्जेत तंतूंचं जाळं झालेलं असतं, किंवा पेशी इतक्या ठासून भरलेल्या असतात की सुटतच नाहीत, किंवा दुसरीकडचा कॅन्सर तिथे येऊन बसलेला असतो. अशा वेळी ट्रेफाइनशिवाय उत्तर नाही. दांडा काचेवर हलकेच टेकवून ठसे घेतले तर थोडे चेहरेही बघायला मिळतात.

आणि एक सूचना, छातीच्या हाडाबद्दल. तिथून ॲस्पिरेशन करता येतं, पण ट्रेफाइन कधीच नाही. ते हाड पातळ आहे आणि मागे हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या आहेत.

तर आमचा मुलगा. सेल्युलॅरिटी पंचवीस टक्क्यांच्या खाली, न्यूट्रोफिल ५०० च्या खाली, प्लेटलेट वीस हजारांच्या खाली. हे सगळं एकत्र आलं की त्याला सिव्हिअर ॲप्लास्टिक ॲनिमिया म्हणतात. मसुदा फाडला, नवा रिपोर्ट लिहिला. माझा पहिला मसुदा गेला असता तर तो महिनाभराच्या बी-१२ वर घरी गेला असता, ३२० न्यूट्रोफिल घेऊन.

या वयात सख्ख्या भावाबहिणीची मज्जा जुळली तर ट्रान्सप्लांट हा पहिला पर्याय असतो. पूर्ण जुळण्याची शक्यता प्रत्येक भावंडामागे चारात एक. नाही जुळली तर एटीजी आणि सायक्लोस्पोरिन ही औषधं देतात. त्याला एकच बहीण होती, तीच, सही करणारी. तिची जुळली.

ट्रान्सप्लांट दुसऱ्या शहरात झालं. जायच्या आधी ती आमच्या लॅबच्या दारात आली. ॲप्लास्टिकमध्ये रक्तातून घेतलेल्या स्टेम सेलपेक्षा मज्जाच घेणं डॉक्टर पसंत करतात, म्हणून तिचीही कमरेमागच्या त्याच हाडातून काढायची होती. तिनं विचारलं, "मॅडम, माझ्या वेळी किती सुया?"

या वेळी मी तोंडातल्या तोंडात बोलले नाही. म्हटलं, खूप. दोन्ही बाजूंनी, पुन्हा पुन्हा, थोडं थोडं ओढतात, कारण या वेळी अर्धा मिली नाही, काहीशे मिली लागते. पण पूर्ण भूल देऊन, त्यामुळे ती कळ कळणार नाही. उठल्यावर काही दिवस कंबर ठणकेल.

"चालेल," ती म्हणाली. "त्याला तर जागेपणी टोचलं होतं."